पुण्याचे वर्ष किती महिन्यांचे?

निकाल लागले की शाळेत आणि घरी पालक येऊ लागतात. मुलगा किंवा मुलगी पदवीधर झालेली असते, एमपीएससीची तयारी करायची असते आणि पुण्याला जायचे ठरत आलेले असते. पालकांचा प्रश्न एकच असतो, "सर, वर्षाचे किती लागतील?" बहुतेकांनी क्लासची फी विचारलेली असते, त्यात खोलीचे भाडे मिळवलेले असते आणि हिशेब तिथेच संपलेला असतो. या महिन्यात तोच हिशेब शेवटपर्यंत करून पाहू.

सुरुवात "वर्ष" या शब्दापासून करावी लागेल. राज्यसेवेची २०२४ ची पूर्व परीक्षा २८ एप्रिल २०२४ ला व्हायची होती. आरक्षणाच्या नव्या कायद्यामुळे ती पुढे गेली आणि ६ जुलै ही तारीख आली. तीही बदलून २५ ऑगस्ट झाली. त्याच दिवशी बँकेची आयबीपीएसची परीक्षा आल्यामुळे पुण्यात मुले रस्त्यावर उतरली आणि तारीख पुन्हा पुढे गेली. शेवटी परीक्षा झाली १ डिसेंबर २०२४ ला, म्हणजे सात महिने उशिरा. पुढच्या वर्षी २८ सप्टेंबर २०२५ ची पूर्व परीक्षा अतिवृष्टी आणि पुरामुळे ९ नोव्हेंबरला घ्यावी लागली. कारणे वेगळी होती, पण दोन्ही वेळी पेठेतल्या मुलांचे भाडे आणि मेसचे पैसे चालूच राहिले. तारीख पुढे गेली म्हणून घरमालक महिना सोडत नाही.

म्हणून मी पालकांना कागदावर दोन रकाने करायला सांगतो. एका रकान्यात एकदाच जाणारे पैसे लिहायचे, दुसऱ्यात दरमहा जाणारे. परीक्षा लांबली तर पहिला रकाना तसाच राहतो. वाढतो तो दुसरा, आणि घराचा हिशेब बिघडतो तो तिथेच.

एका घराचा हिशेब

कळंब्यातल्या एका घराचे उदाहरण घेऊ. वडिलांचे फॅब्रिकेशनचे छोटे दुकान आहे, मुलगी बीएस्सी झाली आहे, धाकटा भाऊ बारावीत आहे. घरखर्च भागवून मुलीसाठी महिन्याला ९,००० रुपये निघतात आणि अम्मीच्या भिशीचे १,००,००० रुपये हातात येणार आहेत. वर्षाचे झाले २,०८,०००. पुढचे दर नमुन्यादाखल धरले आहेत. तुम्ही चौकशी करून तुमचे आकडे घाला, हिशेबाची रीत तीच राहील.

एकदाच जाणारे पैसे असे:

क्लासची फी ७०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १२,६००, एकूण ८२,६००
पुस्तके ९,०००
पूर्व परीक्षेची टेस्ट सिरीज ३,५००
गादी, बादली, टेबल लॅम्प, कुलूप वगैरे ४,०००
वर्षभराचे येणेजाणे आणि औषधपाणी ६,०००

ही बेरीज १,०५,१०० होते. खोलीचे डिपॉझिट ४,००० वेगळे लिहायचे, कारण ते परत यायचे असते. पण आज ते हातात लागते.

दरमहा जाणारे पैसे असे:

कॉट बेसिसवर खोली ४,०००
दोन वेळची मेस ३,६००
सकाळचा नाश्ता आणि चहा १,०००
अभ्यासिका १,३००
मोबाइल, झेरॉक्स, वह्या, साबण, शहरातला प्रवास १,१००

महिन्याचे ११,००० आणि बारा महिन्यांचे १,३२,०००. दोन्ही रकाने आणि डिपॉझिट मिळून २,४१,१०० होतात. घराकडे आहेत २,०८,०००. ३३,१०० रुपये कमी पडतात, आणि हे परीक्षा वेळेवर झाली तर.

क्लासची फी एकूण खर्चाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी आहे. घरात चर्चा मात्र बहुतेक तिचीच होते. आता २०२४ सारखी परीक्षा सात महिने पुढे गेली असे धरा. अकरा हजारांप्रमाणे सात महिन्यांचे ७७,००० होतात. म्हणजे मूळ फीपेक्षाही जास्त रक्कम, आणि त्यात नवे काही शिकायला मिळत नाही. मुलीला हे कळत असते. तारीख पुढे गेल्याचे फोनवर सांगताना तिचा आवाज बदलतो. मग नाश्ता बंद होतो, मेस एक वेळची होते, आणि परीक्षेच्या तोंडावर तब्येत बिघडते. पैसे कमी पडू लागले की मुले सर्वात आधी जेवणातून वाचवतात. मेसचे पैसे नेहमीपेक्षा कमी मागितले जाऊ लागले, तर खूश होण्याआधी विचारपूस करा.

किती महिने पुण्यात लागतात?

हिशेब बसवायचा तर फीत घासाघीस करून फार काही हाती लागत नाही. पुण्यातले महिने कमी केले तर लागते. पुण्यात राहण्याची खरी गरज क्लास चालू असेपर्यंत असते. त्याआधीचे पायाभूत वाचन आणि क्लास संपल्यानंतरची उजळणी घरी होऊ शकते. पूर्व परीक्षेची केंद्रे जिल्ह्याच्या ठिकाणी असतात, त्यामुळे अर्ज भरताना कोल्हापूर केंद्र घेता येते.

आपल्या उदाहरणात क्लास सात महिन्यांचा आहे. मुलीने पहिले तीन महिने कळंब्यातच राहून पाचवी ते बारावीची राज्य मंडळाची आणि एनसीईआरटीची पुस्तके वाचायची. मग सात महिने पुणे. शेवटचे दोन महिने पुन्हा घरी, रोज उजळणी आणि टेस्ट सिरीज. घरच्या महिन्यांत कोल्हापुरातली अभ्यासिका, केएमटीचा प्रवास आणि झेरॉक्स धरून २,००० रुपये लागतील.

पुण्याचे सात महिने म्हणजे ७७,००० आणि घरचे पाच महिने म्हणजे १०,०००. १,३२,००० च्या जागी ८७,०००. पंचेचाळीस हजार वाचले. आता डिपॉझिट धरून वर्षाचे एकूण होतात १,९६,१००. भिशी आणि महिन्याचे नऊ हजार यांत ते बसतात आणि ११,९०० शिल्लक राहतात. परीक्षा सात महिने पुढे गेली तर मुलगी आधीच घरी असते, त्यामुळे जास्तीचा खर्च १४,००० होतो. तो महिन्याच्या नऊ हजारांतून सहज निघतो, उलट शिल्लक पडत जाते.

आधीच्या तीन महिन्यांचा आणखी एक उपयोग आहे. त्या काळात नऊ हजारांतले दोन हजारच खर्च होतात, सात हजार दरमहा बाजूला पडतात. तीन महिन्यांचे एकवीस हजार जमतात. त्यातून सुरुवातीची पाच हजारांची पुस्तके घेतली तरी सोळा हजार उरतात. पुण्याचा पहिला महिना सर्वात जड असतो. आपल्या घराला त्या एका महिन्यात फीचा पहिला हप्ता ३०,०००, महिन्याचा खर्च ११,०००, डिपॉझिट ४,००० आणि सामान ४,००० असे ४९,००० लागतात. वर्षाची बेरीज बरोबर असूनही पहिल्याच महिन्यात दागिना गहाण पडतो तो यामुळे. भिशीचा नंबर कधी लागणार आहे ते बघूनच निघण्याची तारीख ठरवा.

घरी राहून अभ्यास करण्याला मात्र एक अट आहे. मुलगी घरी आहे म्हणजे मोकळी आहे, असे घरातले सगळे धरून चालतात. पाहुणे आले की तिला हाक, मामूच्या घरची शादी असली की चार दिवस तिकडे, भावाचा डबा तिच्याकडे. दोन हजारांत महिना भागतो, पण रोजचे आठ तास तिला कोणीतरी मोकळे करून द्यावे लागतात. ते तास कोणाचे काम वाढवून मिळणार आहेत, हे अम्मी-अब्बांनी आधीच बोलून ठरवावे. ते जमणार नसेल तर घरचे महिने कागदावरच राहतील, आणि मग जास्त पैसे घालून पुणे गाठलेले बरे.

फी भरण्याआधी

फी विचारताना जीएसटी धरून आहे की वेगळा, हे विचारा. ७०,००० ऐकून घरी आलेल्या पालकांना १२,६०० नंतर कळतात. एकरकमी भरल्यास सवलत मिळते. आपल्या उदाहरणात दहा टक्के सवलत धरली तर ८,२६० रुपये वाचतात. समोर दुसरी बाजूही मांडा. हप्त्याने भरले आणि दोन महिन्यांत क्लास पटला नाही किंवा तब्येतीने साथ दिली नाही, तर ३०,००० गेलेले असतात. एकरकमी भरले असतील तर ७४,३४० अडकलेले असतात. पहिल्यांदा घर सोडणाऱ्या मुलासाठी मी हप्त्याच्या बाजूने आहे.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरून विद्यार्थी मध्येच बाहेर पडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे त्यांत म्हटले आहे. पण त्या सूचना आहेत. राज्याने त्यांना कायद्याचे बळ दिल्याशिवाय त्यांच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. म्हणून परताव्याचा नियम पावतीवर किंवा प्रवेश अर्जावर लिहून घ्या. वेळापत्रकही लेखी मागा. सात महिन्यांचा क्लास नऊ महिने चालला तर खोलीचे दोन महिने तुमच्या खिशातून जातात. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पावती नसेल तर तिथेही काम अडते.

फी भरण्यापूर्वी आणखी एक चौकशी जरूर करा. बागवान, पिंजारी, अत्तार, मोमीन अशा आपल्यातल्या अनेक जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्यांच्या मुलांना नागपूरच्या महाज्योती संस्थेच्या स्पर्धा परीक्षा प्रशिक्षणासाठी अर्ज करता येतो. निवड चाळणी परीक्षेतून होते, प्रशिक्षण मोफत असते आणि विद्यावेतनही मिळते. त्यासाठी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र हातात हवे. जाहिरात आल्यावर धावपळ केली तर मुदत निघून जाते. यूपीएससी करणाऱ्यांसाठी मुंबईच्या हज हाऊसमध्ये हज कमिटी ऑफ इंडियाने निवासी केंद्र चालवले आहे, ते सध्या चालू आहे का याचीही चौकशी करा. खोली, जेवण आणि क्लास तिन्हींचा भार हलका करणाऱ्या या वाटा आहेत. त्या तपासून मगच पुण्याचा हिशेब मांडा.

खोली आणि मेस

सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी पेठेत क्लास, अभ्यासिका आणि मेस चालत जाण्याच्या अंतरावर असतात, म्हणून तिथले भाडे चढे असते. आपल्या मुलांना एक जास्तीची अडचण येते. फोनवर खोली रिकामी असते, नाव सांगितल्यावर ती भरलेली असते. असे दोन-तीनदा झाले की मूल कँप किंवा कोंढव्याला ओळखीच्या घरी राहायला तयार होते. तिथे भाडे कमी पडेल, मनालाही बरे वाटेल. पण कोंढव्याहून पेठेत येण्याजाण्यात दिवसाचे दोन तास गेले, तर महिन्याचे साठ तास होतात. बसच्या पासाचे पैसे त्यावर आणखी. भाड्यात वाचणारे हजार रुपये या साठ तासांना पुरतात का, हे बघून ठरवा. बरेचदा पेठेत आधीपासून राहणारी आपल्या गावची मुले कॉट मिळवून देतात. म्हणून खोली फोनवर न शोधता एक दिवस पालकाने मुलाबरोबर जाऊन शोधावी. परवडत असेल तर त्या दिवशी मुक्कामही करावा.

डिपॉझिट रोख देऊ नका. मालकाच्याच खात्यावर ऑनलाइन भरा, म्हणजे नोंद राहते. एजंटची दलाली किती आणि खोली सोडण्याआधी किती दिवसांची सूचना द्यायची, हे पहिल्याच दिवशी विचारा. सात महिन्यांनी परतायचे ठरलेले असेल तर सहाव्या महिन्याच्या शेवटी मालकाला लेखी संदेश पाठवा. नाही तर सूचना दिली नाही म्हणून डिपॉझिट त्यातच जिरते.

मेसमध्ये "खाडा" किती धरतात ते विचारा. गावी गेल्यावर न जेवलेल्या दिवसांचे पैसे वळते करण्याची ही पद्धत. काही ठिकाणी सलग तीन-चार दिवस नसाल आणि आधी सांगितले असेल तरच खाडा मिळतो. रमजानचा महिना तुमच्या मुक्कामात येत असेल तर तो वेगळा लिहा. सहरीला मेस उघडी नसते आणि दुपारचे जेवण नको असते. मेसवाल्याशी बोलून त्या महिन्यापुरती एक वेळ ठरवली आणि सहरीसाठी दूध, ब्रेड, अंडी, खजूर आणि एक इलेक्ट्रिक किटली ठेवली, तर खर्च जवळपास तेवढ्यातच बसतो. खोलीत किटली चालेल का, हे मात्र मालकाला विचारावे लागते. मुली एसटीने ये-जा करणार असतील तर महिलांना तिकीट निम्मे आहे, तेही हिशेबात धरा.

पुस्तके आणि टेस्ट सिरीज

पुस्तकांच्या यादीत मुले फसतात, कारण प्रत्येक सिनिअर वेगळे नाव सांगतो. शालेय पुस्तके एनसीईआरटी आणि ई-बालभारतीच्या संकेतस्थळांवर मोफत आहेत. राज्यघटनेसाठी लक्ष्मीकांत, अर्थव्यवस्थेसाठी कोळंबे, इतिहासासाठी ग्रोव्हर-बेल्हेकर, भूगोलासाठी सवदी, व्याकरणासाठी वाळंबे अशी दर विषयाला एक पुस्तक घेऊन सुरुवात होते. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके मिळतात. इतिहास आणि व्याकरण जुने चालते. अर्थव्यवस्था आणि चालू घडामोडींचे नवेच हवे, कारण त्यातले आकडे बदलतात. राज्यघटनेच्या जुन्या प्रतीत अलीकडच्या घटनादुरुस्त्या आहेत का ते बघून घ्यावे. क्लासच्या नोट्स मिळणार असतील तर निम्मी पुस्तके क्लास सुरू झाल्यावरच घ्या.

पूर्व परीक्षेची टेस्ट सिरीज शेवटच्या दोन महिन्यांसाठी घेतली तरी पुरते. आधी घेतली की पेपर साठत जातात आणि सुटत नाहीत. मुख्य परीक्षेच्या टेस्ट सिरीजला पूर्वचा निकाल लागेपर्यंत हात लावू नका. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. नऊ पेपर असतात. मराठी आणि इंग्रजी हे भाषेचे दोन पेपर प्रत्येकी ३०० गुणांचे, त्यात २५ टक्के मिळाले की पुरे. बाकी सात पेपर प्रत्येकी २५० गुणांचे, मिळून १७५०. आता तिथे पैसे पडतात ते उत्तर तपासून घेण्याचे. म्हणून विचारायचे प्रश्न दोनच: उत्तरपत्रिका किती दिवसांत परत मिळते, आणि तपासणारा शेरा काय लिहितो. जुन्या विद्यार्थ्याची तपासलेली एक वही बघायला मागा. तीत नुसते गुण आणि "चांगला प्रयत्न" असेल तर पैसे देऊ नका.

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांनी मराठीचा पेपर हलका समजू नये. घरात आपण मराठी बोलतो, पण निबंध, सारांश आणि व्याकरण लिहून दाखवणे वेगळे. ही तयारी पुण्यात पैसे देऊन करण्यापेक्षा घरच्या तीन महिन्यांत रोज एक पान लिहून आणि शाळेतल्या मराठीच्या शिक्षकांकडून तपासून घेऊन करता येते. तिला खर्च वहीचा तेवढा.

पूर्व परीक्षा पास झाल्यावर मुख्यसाठी पुन्हा तीन महिने पुण्याला जावे लागले तर ३३,००० आणि टेस्ट सिरीजचे वेगळे. घरी राहिलेल्या महिन्यांत नऊ हजारांतून जे मागे पडले, ते यासाठीच राखून ठेवायचे. दुसऱ्या कामाला वळवायचे नाही.

आपल्या कोल्हापुरात १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी मुस्लिम बोर्डिंग उभे केले. शाळा तेव्हाही होत्या. शहरात येणाऱ्या मुलाचे अडत होते ते राहण्यावर आणि दोन वेळच्या जेवणावर. आजही मोठा रकाना तोच आहे.

शेवटी कागदाच्या तळाशी तीन ओळी लिहून मुलाच्या आणि पालकांच्या सह्या करा. पुण्यात किती महिने राहायचे, परीक्षा लांबली तर कोणत्या तारखेला घरी परतायचे, आणि एकूण किती प्रयत्न करून दुसरे काम बघायचे. हे आज ठरले म्हणजे तारीख पुढे गेलेल्या रात्री फोनवर भांडण होत नाही. मुलालाही घरी येताना हरल्यासारखे वाटत नाही, कारण परतणे हिशेबात आधीपासूनच लिहिलेले असते.